लूप ४७ बसला!! (आणि आता झालेले ६१ परत करायचेत)

मागच्या अपडेटमध्ये ज्याचं रडगाणं गायलो होतो तो क्लोजअप शेवटी काल रात्री सुटला. नवीन लोकांसाठी एका ओळीत, मित्राची २२ मिनिटांची हिंदी शॉर्टफिल्म, छिंदवाड्याकडे शूट झालेली, आपण मराठीत डब करतोय, एकूण १४३ लूप, म्हणजे परत परत वाजवून त्यावर बोलायचे छोटे तुकडे.

लूप ४७ मध्ये मुलगी दारात उभी राहून म्हणते, "माँ, मैं वापस नहीं आऊँगी." अडीच सेकंद, म्हणजे ६० फ्रेम, आणि चेहरा पडदाभर. ओठ तीनदा स्पष्ट मिटतात, 'माँ'ला फ्रेम ० वर, 'मैं'ला २२ वर आणि 'वापस'च्या प ला ३७ वर. बाकी स्वर थोडे इकडेतिकडे झाले तरी कोणी बघत नाही, पण मिटलेल्या ओठांतून 'आ' ऐकू आला की संपलं.

पहिला मराठी ड्राफ्ट साधा होता, "आई, मी परत येणार नाही." 'मी' बरोबर २२ वर पडतो, पण परतचा प २९ ला येतो, म्हणजे आठ फ्रेम आधी, सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला की! आवाज ओठांच्या आधी आला तर एक-दोन फ्रेमही खुपतात, उशिरा आला तर दोन-तीन फ्रेम सहज खपतात, कारण लांबून येणारा आवाज उशिराच पोचतो आणि डोळ्याला त्याची सवय असते. मग मध्ये 'आता' घुसवलं, "मी आता परत येणार नाही", आणि प अलगद ३७ वर जाऊन बसला. त्या दिवशी स्वतःलाच चहा पाजला.

एक गोष्ट इथे उशिरा शिकलो. म आणि प एकसारखे लावायचे नाहीत. म चा आवाज ओठ मिटलेले असतानाच चालू असतो, प मात्र मिटलेला असताना गप्प असतो आणि उघडताना फुटतो. मी दोन्ही मिटण्याच्या फ्रेमला लावत होतो, म्हणून प कायम दोन फ्रेम घाईत वाटायचा आणि मी उगाच आर्टिस्टला दोष देत होतो. सॉरी गं.

पण 'आई' काही केल्या बसेना. माँ म्हणताना ओठ तीन फ्रेम मिटलेले आणि आई म्हणजे सगळं उघडंच. 'मम्मी' करून बघितलं, ओठ दोनदा मिटायला हवेत तिथे चित्रात एकदाच, शिवाय त्या घरात मम्मी? हुंदका म्हणून आधी 'म्म' लावला, तर बायकोने ऐकून विचारलं, ही माई कोण? दोन फ्रेम उशीर करून, आवाज चढवून, सगळं झालं. लूपचा फायदा असा की तेच तेच ऐकून बोलणाऱ्याच्या अंगात लय भिनते (आमचा क्रम तोच, तीन बीप, चौथ्या न वाजलेल्या बीपवर ओळ, पाच फेऱ्या पायलट म्हणजे मूळ हिंदी आवाज कानात आणि मग पायलट बंद), पण चुकीच्या शब्दाची लयही तितकीच भिनते. अकरा टेक वाया.

मग ब्रेकमध्ये आमच्या आर्टिस्टला घरून फोन आला. ती अचलपूरची, आमच्याशी पुणेरी बोलते, पण फोनवर म्हणाली, "हो माय, जेवली मी." मी आणि रेकॉर्डिस्ट एकमेकांकडे बघतच राहिलो.

माय! म मिटतो, मग लांब आ, आणि शेवटचा य ती किंचित गिळते त्यामुळे तोंड उघडंच राहतं. आणि वऱ्हाडीत वापस तर वापसच! "माय, मी वापस येनार नाई." 'आता'चं ठिगळ गेलं, प आपसूक ३७ वर, नाईचा ई आऊँगीच्या गीवर. फक्त ऊ चा गोल ओठ राहिला, तिथे 'ना' येतो. दोन फ्रेमचा आहे, सोडून दिला. दुसऱ्याच टेकला ओके, प फक्त एक फ्रेम मागे सरकवला, स्ट्रेच अजिबात नाही.

आता गोची अशी की झालेले ६१ लूप प्रमाण मराठीत आहेत. मुलगी एकाच वाक्यात वऱ्हाडी कशी होणार? आधी ठरवलं सगळेच वऱ्हाडी करू, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की फक्त माय-लेकीच कराव्यात, फिल्ममधला बँकेचा साहेब प्रमाण मराठीतच राहू दे, तसंही मूळ हिंदीत तो यांच्यापेक्षा वेगळंच बोलतो. मग ६१ मधले साहेबाचे १८ वाचतात. वऱ्हाडी विनोदी वाटणार नाही हे बघायला हवं, स्क्रिप्ट आर्टिस्टच्याच आईकडून वाचून घेतोय.

बाकी, भिंतीवरचा महागडा फोम काढून टाकला, दोन गोधड्या दोरीवर टांगल्या त्याच बऱ्या. आणि हेडफोन बंद कपांचाच घ्या, माझ्या अर्धउघड्यातून बीप माइकमध्ये गळत होता, दुकानदार शपथेवर सांगत होता गळत नाही म्हणून.

शनिवारी लूप १ पासून.