मिनिटाला किती?

"व्हिडिओची सबटायटल्स करायला तुम्ही मिनिटाला किती घेता? आणि घरी बसून तेवढ्यात परवडतं का?"

मराठी बोलणे मराठीतच उतरवून नुसता मजकूर द्यायचा असेल तर माझा दर मिनिटाला २५ रुपये आहे. त्याच मजकुराच्या ओळी पाडून, वेळा जुळवून फाइल द्यायची असेल तर ४५ रुपये, आणि मराठीवरून इंग्रजी सबटायटल्स करायची असतील तर ९० रुपये. हे माझे सोलापुरातले आकडे आहेत. यापेक्षा कमीत करणारे आहेत आणि जास्त मिळवणारेही आहेत. मात्र हे मिनिट व्हिडिओचे असते, माझ्या घड्याळाचे नसते. परवडते की नाही हे या दोन मिनिटांमधल्या अंतरावर ठरते, म्हणून एका कामाचा हिशोबच मांडते.

पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकाचा चादरीच्या यंत्रमागांवरचा अठरा मिनिटांचा माहितीपट माझ्याकडे आला होता. मराठी सबटायटल्स हवी होती. पहिली सहा मिनिटे कारखान्याचे मालक शांत खोलीत बसून बोलत होते. पुढची आठ मिनिटे कारखान्यात, चालू मागांच्या मधोमध उभे राहून एक कामगार बोलत होते. दोन मिनिटे त्यांच्या घरातली होती आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत असते तशी तिथली बोली तेलुगू होती. उरलेल्या दोन मिनिटांत नुसते माग आणि संगीत.

शांत खोलीतले एक मिनिट उतरवायला मला साधारण चार मिनिटे लागतात, म्हणजे त्या सहा मिनिटांना चोवीस. कारखान्यातले एक मिनिट नऊ मिनिटे खाते. मागाचा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा एकसारखा असता तर ऑडॅसिटीमध्ये त्याचा नमुना देऊन तो बराच कमी करता आला असता. पण धोट्याचा प्रत्येक ठोका वेगळा, कडक आणि बोलण्याच्याच पट्टीत घुसणारा असतो, त्यामुळे तो काढायला गेले की माणसाचा आवाजही पोकळ होऊन जातो. मग आवाज आहे तसा ठेवून वेग पाऊणपट करायचा, कान झाकणारा हेडफोन लावायचा आणि दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा, एवढेच हातात राहते. आठ मिनिटांना बहात्तर मिनिटे गेली. तेलुगू भागासाठी शेजारच्या मैत्रिणीला घेऊन अर्धा तास बसले आणि तिला १५० रुपये दिले. ही सोय सोलापुरात दारातच होते, हे आपले भाग्य. मजकुराला एकूण १२६ मिनिटे झाली.

त्यानंतर वेळा जुळवण्याचे काम येते. हे मी सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरवर करते. त्यात आवाजाची लाट पडद्यावर दिसते आणि शब्द कुठे सुरू झाला हे कानाबरोबर डोळ्यालाही कळते. बोलण्याच्या सोळा मिनिटांना मिनिटामागे चार धरली तर चौसष्ट मिनिटे होतात. शेवटी पूर्ण व्हिडिओ दुरुस्त्या करत एकदा पाहायला छत्तीस. सगळी बेरीज २२६ मिनिटे, म्हणजे पावणेचार तास.

आता ४५ रुपयांच्या सरसकट दराने अठरा मिनिटांचे ८१० रुपये होतात. मैत्रिणीचे दीडशे वजा केले की ६६० उरतात, आणि तासाला १७५ रुपये पडतात. हाच व्हिडिओ सगळा शांत खोलीतला असता तर तीन तासांत संपला असता आणि तासाला २७० पडले असते. म्हणून मी दर सरसकट लावत नाही. मालकांची सहा आणि संगीताची दोन मिनिटे ४५ रुपयांनी, कारखान्यातली आठ मिनिटे ७० रुपयांनी आणि तेलुगू दोन मिनिटे १२० रुपयांनी लावली. ३६०, ५६० आणि २४० मिळून ११६० रुपये झाले. मैत्रिणीचे पैसे देऊन १०१० उरले आणि तासाचा भाव २६८ वर, म्हणजे शांत व्हिडिओच्या जवळपास आला. संगीताच्या मिनिटांचे पैसे कशाला, असे दिग्दर्शकांनी विचारलेच. त्या दोन मिनिटांत मध्येच कोणी एखादे वाक्य बोलून जात नाही ना, हे ऐकल्याशिवाय कळत नाही, असे मी सांगितले आणि त्यांना ते पटले.

हे दर आधी सांगता यावेत म्हणून व्हिडिओ हातात आल्याशिवाय मी आकडा उच्चारत नाही. सुरुवातीचे मिनिट ऐकून काही कळत नाही, कारण सुरुवात बहुधा सगळ्यांचीच चांगली असते. मधल्या भागात जिथे गर्दी, वारा किंवा यंत्र दिसते तिथले एक मिनिट घड्याळ लावून उतरवते, आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधते.

हल्ली बरेच जण आपोआप तयार झालेला मजकूर पाठवतात आणि "फक्त तपासून द्या, निम्म्या दरात" म्हणतात. शांत खोलीतल्या एकट्या माणसाच्या बोलण्याला हे चालते. तिथे माझा खरोखर वेळ वाचतो. कारखान्यातल्या भागात मात्र उलटे होते. संगणक न कळलेल्या जागी मोकळी जागा सोडत नाही, तिथे वाचायला सरळ वाटणारे भलतेच वाक्य बसवते, आणि ते चूक आहे हे कळण्यासाठी मला पूर्ण ऐकावेच लागते. अशा भागाला मी निम्मा दर लावत नाही.

अचूकतेबद्दल ग्राहकाच्या पत्रात हमखास "९९ टक्के" असे लिहिलेले असते. याची रूढ मोजणी अशी: बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मिळवायचे आणि त्यांना मूळ बोलण्यातल्या एकूण शब्दांनी भागायचे, आणि येणारी चुकांची टक्केवारी शंभरातून वजा करायची. वरच्या माहितीपटात सुमारे सतराशे शब्द होते, म्हणजे ९९ टक्क्यांतही सतरा शब्द चुकायला मुभा आहे. ते सतरा शब्द कुठले, हा खरा प्रश्न आहे. "तर", "म्हणजे" असे शब्द सुटले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या व्हिडिओत लिटरला अर्धा मिली औषध सांगितले असताना अडीच मिली उतरले, किंवा "फवारू नका"मधला "नका" गेला, तर टक्केवारी जवळपास तीच राहते आणि बाग जाते. म्हणून आकडे, मापे, नावे आणि नकार मी शेवटच्या फेरीत वेगळे तपासते. नावांची यादी ग्राहकाकडून आधीच मागून घेते.

दुसरा वाद लेखनाचा असतो. माणूस "केलं", "मागं", "म्हणलं" असे बोलतो. तपासणाऱ्याने "केले", "मागे", "म्हटले" हेच बरोबर धरले तर अर्ध्या ओळी चुकीच्या ठरतात. बोलण्यातले रूप ठेवायचे की छापील करायचे, हे कामाआधी लेखी ठरवून घ्यावे. ऐकूच न येणाऱ्या जागी मी चौकटी कंसात "अस्पष्ट" लिहून वेळ टाकते, आणि अशी जागा चूक म्हणून मोजली जाणार नाही हेही त्यातच लिहून घेते.

SRT प्रकारची फाइल कशी दिसते ते एकदा जवळून पाहा. कारखान्यातल्या भागातली ही एक नोंद आहे:

```
41
00:07:12,400 --> 00:07:15,900
कांडी संपली की माग थांबतो,
मग धोट्यात दुसरी घालायची.
```

वेळेतले आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू असताना तिथे देवनागरी आकडे पडले तर ती ओळ पडद्यावर येत नाही, आणि नवख्याला का ते उमगत नाही. सेकंदानंतर या प्रकारच्या फाइलमध्ये स्वल्पविराम लागतो, टिंब नव्हे. फाइल UTF-8 मध्ये साठवली नाही तर सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात. ओळीच्या लांबीचेही एक कोडे आहे. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांच्या नियमांत एका ओळीत ४२ चिन्हे आणि एका वेळी दोनच ओळी अशी मर्यादा सर्रास असते. संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही वेगळे मोजतो. वरची पहिली ओळ डोळ्यांना अकरा अक्षरांची दिसते, पण स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून संगणक ती २६ मोजतो. त्यामुळे मराठी ओळ पडद्यावर आखूड दिसत असताना सॉफ्टवेअर ती लांब म्हणून लाल करू शकते, आणि तेव्हा चूक आपली नसते. वाक्य अर्थाच्या जागी तोडायचे, एवढे मात्र आपल्या हातात असते.

सर्वांत जास्त फुकटचे श्रम फाइल दिल्यानंतर होतात, कारण ग्राहक व्हिडिओ पुन्हा कापतो. सगळ्या ओळी सारख्याच अंतराने पुढे-मागे झाल्या असतील तर सुरुवातीला काहीतरी जोडले किंवा काढले आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा एकदम सरकवल्या की काम झाले, त्याचे मी पैसे घेत नाही. सुरुवातीला जुळते आणि पुढे हळूहळू फरक वाढत जातो, असे असेल तर फ्रेमचा वेग बदलला आहे. २५ फ्रेमचा व्हिडिओ २४ च्या वेगाने चालवून निर्यात केला तर अठरा मिनिटांच्या शेवटी पाऊण मिनिटाचा फरक पडतो. तोही वेगाचे दोन आकडे देऊन एका फटक्यात सुधारता येतो. पण मधेमधे पाच-सहा ठिकाणी कात्री चालली असेल, तर प्रत्येक जागा शोधून वेळा नव्याने लावाव्या लागतात. त्यासाठी मी मिनिटाला २० रुपये वेगळे घेते, आणि "संकलन पूर्ण झालेला व्हिडिओच पाठवावा" हे वाक्य दरपत्रकात दराच्याही वर लिहिते.