नफा एकतीस लाख, आणि चेक परत

2024 च्या जूनमधली गोष्ट. सांगलीतल्या एका पाइप-फिटिंगच्या घाऊक पेढीचे हिशेब मी काही वर्षं पाहते आहे. सकाळी दहाला मालकांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. "मॅडम, कंपनीला दिलेला चेक परत आलाय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही आत्ता येता का?"

दुकानात पोहोचले तेव्हा अण्णा गादीवर नव्हते. मागे गोदामात पाइपांच्या थप्पीला टेकून उभे होते. हातात मीच आठवड्यापूर्वी काढून दिलेला ताळेबंद. नफ्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "एकतीस लाख नफा तुम्हीच लिहिलाय ना? मग पैसा गेला कुठे?"

नफा खरा होता. पैसा नव्हता, हेही खरं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तोच शोधत बसलो.

31 मार्चच्या आकड्यावर मी हिशेब मांडला नाही. मार्चमध्ये वसुलीचा जोर असतो, त्यामुळे त्या एका दिवशी येणं कमी दिसतं. शिवाय उन्हाळा हा पाइपांचा हंगाम, म्हणून गोदाम भरलेलं असतं. दिवाणजींनी टॅलीतून बारा महिन्यांची महिनाअखेर काढून दिली आणि मी तिची सरासरी धरली. मे अखेरचे आकडेही तिच्या जवळच होते.

वर्षाची विक्री 7 कोटी 30 लाख, म्हणजे रोजची 2 लाखांची. विकलेल्या मालाची खरेदी किंमत रोज 1 लाख 80 हजार. ग्राहकांकडून येणं 1 कोटी 77 लाख. इथे नवशिका माणूस 177 ला 2 ने भागतो आणि साडेअठ्ठ्याऐंशी दिवस लिहून मोकळा होतो. पण येण्यात 18 टक्के जीएसटी मिसळलेला असतो आणि विक्रीच्या आकड्यात तो नसतो. कर बाजूला काढला की येणं दीड कोटी, म्हणजे 75 दिवस. कंपन्यांचं देणं सुमारे 64 लाख. त्यातूनही कर काढला की 54 लाख, भागिले 1 लाख 80 हजार, म्हणजे 30 दिवस. माल 1 कोटी 8 लाखांचा. त्यात कर मुळात नसतोच, म्हणून तो सरळ 60 दिवसांचा.

माल 60 दिवस गोदामात, मग त्याचे पैसे 75 दिवस ग्राहकाकडे, आणि कंपनी थांबते फक्त 30 दिवस. 60 अधिक 75 वजा 30, म्हणजे 105. अण्णांनी मालासाठी घातलेला रुपया हातात परत यायला साडेतीन महिने लागत होते. आदल्या वर्षीचे आकडे असेच काढले तर माल 52, येणं 48, देणं 38, म्हणून पैसा परत येण्याचं हे चक्र 62 दिवसांचं.

अण्णांचा मुलगा म्हणाला, "पण मॅडम, धंदा पाव पट वाढला, मग जास्त पैसा अडकणारच की." त्याचं म्हणणं मी हिशेबात बसवून पाहिलं. आदल्या वर्षी रोजची विक्री 1 लाख 60 हजार होती आणि चक्रात 97 लाख अडकले होते. आता येणं आणि माल मिळून, त्यातून देणं वजा करता, अडकले होते 2 कोटी 4 लाख. विक्री वाढूनही दिवस जुनेच राहिले असते तर 1 कोटी 21 लाख पुरले असते. म्हणजे वाढीने खाल्ले 24 लाख आणि दिवस लांबल्याने 83 लाख. एकतीस लाखांचा नफा या दोघांत कधीच जिरून गेला होता, आणि उरलेला बोजा बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जावर, पडला होता.

हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग उधारीची वयवार यादी काढली. नव्वद दिवसांपेक्षा जुनं येणं 62 लाख, त्यातले 38 लाख पाणीपुरवठ्याची कामं घेणाऱ्या दोन ठेकेदारांकडे. दर वाढवून मिळाला म्हणून मुलाने त्यांना माल दिला होता, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं: "वरून बिल निघालं की देतो." जीएसटी मात्र बिल फाडलं की दुसऱ्या महिन्यात भरावाच लागतो. ठेकेदाराने दमडी दिली नसली तरी त्याच्या बिलावरचा कर अण्णांनी भरून टाकला होता.

चेक परत येण्याचं कारणही या यादीतच होतं. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून उचल ठरवते. अण्णांच्या मंजुरीपत्राप्रमाणे मालातून देणं वजा करून उरेल त्याच्या 75 टक्के, आणि नव्वद दिवसांच्या आतल्या येण्याच्या 60 टक्के. जुनं येणं शून्य धरतात. मालावर 33 लाख, येण्यावर 69 लाख, मिळून 1 कोटी 2 लाख. मंजूर मर्यादा दीड कोटी असली तरी अण्णांना तेवढीच उचल होती. ते 62 लाख वेळेत आले असते तर खात्यात रोख पडली असती. नुसते नव्वद दिवसांच्या आत असते तरी 37 लाखांची उचल वाढली असती. उधारी म्हातारी झाली की ती दोनदा मारते: पैसा येत नाही आणि बँकही हात आखडता घेते.

मुलाने उपाय सुचवला, "कंपन्यांचं देणं साठ दिवसांवर नेऊ." मी नको म्हटलं. निम्म्याहून अधिक फिटिंग लहान कारखान्यांतून येतात. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. ते राहिले तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या 43बी(एच) कलमाखाली तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरला जात नव्हता आणि तेवढ्यावर कर बसत होता. मोठी कंपनी 45 दिवसांऐवजी सातव्या दिवशी पैसे दिल्यास 2 टक्के सूट देते. 38 दिवस आधी दिल्याबद्दल 2 टक्के, म्हणजे वर्षाला एकोणीस टक्क्यांच्या वर. बँकेचं व्याज साडेदहा. देणं 38 वरून 30 दिवसांवर आलं होतं ते अण्णांनी ही सूट घेतल्यामुळे, आणि ते शहाणपणाचंच होतं. देण्याला हात लावायची गरज नव्हती.

संध्याकाळी गोदामात फिरलो. मागच्या भिंतीला चार इंची पाइपांची एक थप्पी होती. पत्र्याच्या फटीतून ऊन पडून तिचा वरचा थर पिवळट झाला होता आणि टोकांवर कोळ्यांची जाळी होती. त्या कंपनीचा माल आता कोणी मागत नाही. असा वर्षभर न हललेला माल 24 लाखांचा निघाला. तो वगळला तर चालता माल जेमतेम 47 दिवसांचा होता. साठ दिवसांचा आकडा सगळ्या गोदामाला सारखा लागू नव्हता, या भिंतीने तो फुगवला होता. अण्णा म्हणाले, "खरेदीच्या भावाला काढतो. लागलं तर दोन रुपये खाली."

ठेकेदारांना नवा माल बंद करायचं त्याच रात्री ठरलं. अण्णांनी फोन स्वतः लावला. आवाज चढवला नाही. "मागचं अर्धं आल्याशिवाय गाडी भरायची नाही, पोरांना सांगून ठेवलंय," एवढंच म्हणाले आणि दिवाणजींना वही आणायला सांगितली.

सप्टेंबर अखेर येणं 58 दिवसांवर आलं होतं. एका ठेकेदाराचे 14 लाख अजून अडकलेले होते, आणि अण्णा दर सोमवारी त्याच्या दारात जाऊन बसत होते.