पाच गुणांचा प्रश्न आणि विरिअल प्रमेय

पदव्युत्तर पुंजयामिकीच्या एका पेपरची उत्तरपत्रिका माझ्याकडे तिसऱ्या तपासणीसाठी आली. एका प्रश्नाला पहिल्या परीक्षकाने ५ पैकी ५ गुण दिले होते, दुसऱ्याने १. एवढी तफावत पडली की पत्रिका तिसऱ्याकडे जाते आणि त्याचा आकडा अंतिम धरला जातो. वाद होता जेमतेम दोन ओळींच्या उत्तरावर. गुण देऊन झाले, पण ते उत्तर अजून डोक्यातून गेलेलं नाही.

प्रश्न असा होता: सरल आवर्ती दोलकाची अवस्था सुरुवातीला (|0⟩ + |1⟩)/√2 आहे. t या वेळी सरासरी गतिज ऊर्जा ⟨T⟩ आणि सरासरी स्थितिज ऊर्जा ⟨V⟩ काढा. विद्यार्थ्याने लिहिलं होतं: सरासरी ऊर्जा (½ + 3/2)/2 · ħω = ħω; विरिअल प्रमेयानुसार ⟨T⟩ = ⟨V⟩; म्हणून दोन्ही ħω/2. नमुना उत्तरात पाऊण पान गणित करून शेवटी हेच आलं होतं. पहिल्या परीक्षकाने शेवटचा आकडा जुळतो एवढं पाहून पूर्ण गुण दिले असावेत. दुसऱ्याने समासात लिहिलं होतं, ‘प्रमेय इथे लागू नाही’. दोघांचंही काहीतरी सुटलं होतं.

याच विद्यार्थ्याने त्याच पेपरात आधीचा एक प्रश्न ज्या सफाईने सोडवला होता, तो पाहिल्याशिवाय ही अडचण नीट कळणार नाही. हायड्रोजनच्या 2p अवस्थेसाठी ⟨1/r⟩ काढायचं होतं. बहुतेकांनी त्रिज्य तरंगफल लिहून r³ आणि घातांकी फलाचं संकलन सुरू केलं, आणि त्यातले बरेच जण 1/24 हा गुणक विसरून अडकले. याने लिहिलं: पोटेन्शियल r च्या −1 घाताचं आहे, म्हणून 2⟨T⟩ = −⟨V⟩; दोघांची बेरीज E, म्हणून ⟨V⟩ = 2E; E = −3.4 eV, म्हणून ⟨V⟩ = −6.8 eV; आणि V = −e²/4πε₀r असल्यामुळे ⟨1/r⟩ = 1/(4a₀). संपलं. यात कुठेही हात लावायला जागा नाही.

मागचा नियम सोपा आहे. पोटेन्शियल r च्या n व्या घाताच्या प्रमाणात असेल, तर बद्ध स्थिर अवस्थेत 2⟨T⟩ = n⟨V⟩. हायड्रोजनला n = −1, दोलकाला n = 2. यात E मिळवली की दोन अज्ञातांची दोन समीकरणं होतात. हायड्रोजनच्या मूळ अवस्थेत E = −13.6 eV, त्यातून T चे 13.6 आणि V चे −27.2 लगेच हाती येतात. दोलकात दोन्ही वाटे सारखे, प्रत्येकी E/2; त्यावरून ⟨x²⟩ = (N + ½)ħ/mω हेही हर्माइट बहुपदींना न शिवता मिळतं. पत्रिकांमध्ये नेहमी दिसणारी चूक म्हणजे हायड्रोजनचं ‘T हे V च्या निम्मं, चिन्ह उलट’ पाठ करून तेच दोलकाला चिकटवायचं. दोलकाचं V कुठेही ऋण नसतं, त्यामुळे T ऋण येते. गतिज ऊर्जेची सरासरी कधीच ऋण असू शकत नाही, म्हणजे पकडायला एक नजर पुरते. ती नजरही टाकली जात नाही याचं वाईट वाटतं.

प्रमेय कुठे थांबतं तेही या हायड्रोजनच्या उदाहरणात दिसतं. ⟨1/r⟩ मिळतं ते 1/r हेच पोटेन्शियल आहे म्हणून. ⟨r⟩ मिळत नाही. 2s आणि 2p ची ऊर्जा तीच, म्हणून ⟨1/r⟩ दोघांचं 1/(4a₀) च. पण ⟨r⟩ मात्र 2s साठी 6a₀ आणि 2p साठी 5a₀. तिथे संकलन किंवा दुसरं सूत्र लागतंच.

आता वादाचा शब्द: स्थिर अवस्था. 2p ही स्थिर अवस्था आहे. |0⟩ + |1⟩ नाही. दुसऱ्या परीक्षकाने बोट ठेवलं ते इथेच, आणि बरोबर ठेवलं. प्रमेय कसं सिद्ध होतं ते आठवा. G = (xp + px)/2 ही राशी घ्यायची आणि तिच्या सरासरीचा कालबदल काढायचा. दोलकासाठी उत्तर येतं:

d⟨G⟩/dt = 2⟨T⟩ − 2⟨V⟩

स्थिर अवस्थेत कुठलीच सरासरी वेळेनुसार बदलत नाही, डावी बाजू शून्य होते, आणि ⟨T⟩ = ⟨V⟩. अध्यारोपण केलेल्या अवस्थेत डावी बाजू शून्य असेलच असं नाही. मग आकडा बरोबर कसा आला?

नशिबाने, असं म्हणून दुसरा परीक्षक मोकळा झाला असता. मला ते पटेना, कारण तो आकडा एखाद्या क्षणी नव्हे, प्रत्येक t ला बरोबर आहे. कागद घेऊन G शिडी-कारकांत लिहिला. त्यात फक्त a² आणि (a†)² येतात. दोलकाचा x² लिहिला तर तो a², (a†)² आणि 2N + 1 यांचा बनतो. a² दोन पायऱ्या खाली नेतो. |0⟩ आणि |1⟩ मध्ये एकच पायरी आहे. म्हणून या अवस्थेत ⟨a²⟩ = 0, G ची सरासरी सतत शून्य, तिचा कालबदल शून्य, आणि समान वाटणी प्रत्येक क्षणी खरी. कण मात्र डोलतच असतो: ⟨x⟩ हा cos ωt प्रमाणे इकडून तिकडे जातो. अवस्था अस्थिर आहे, पण ज्या एका राशीची स्थिरता प्रमेयाला लागते ती स्थिर आहे.

विद्यार्थ्याने एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर नमुना उत्तरापेक्षा त्याचं उत्तर सरस ठरलं असतं.

पायऱ्यांमधलं अंतर दोन केलं की सगळं उलटतं. (|0⟩ + |2⟩)/√2 घ्या. सरासरी ऊर्जा (½ + 5/2)/2 · ħω = 3ħω/2. त्या दोन ओळींच्या रीतीने उत्तर येईल प्रत्येकी 0.75 ħω. प्रत्यक्ष गणितात ⟨0|a²|2⟩ = √2, आणि मिळतं:

⟨V⟩ = (ħω/4)(3 + √2 cos 2ωt)
⟨T⟩ = (ħω/4)(3 − √2 cos 2ωt)

t = 0 ला V चा वाटा 1.10 ħω आणि T चा अवघा 0.40 ħω. बेरीज कायम 1.5 ħω. ऊर्जा 2ω वारंवारतेने एका खात्यातून दुसऱ्यात जात-येत राहते. पूर्ण आवर्तनावर सरासरी घेतली की मात्र पुन्हा 0.75 आणि 0.75. क्लॉसियसने 1870 मध्ये हे प्रमेय मांडलं तेच मुळी दीर्घकाळाच्या सरासरीसाठी. पुंजयामिकीत स्थिर अवस्थेला ती काल-सरासरी घ्यावी लागत नाही, कारण बदलण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे शिकवताना ‘काल-सरासरी’ हा शब्द गळून पडतो आणि विद्यार्थ्याला वाटतं की सूत्र कुठल्याही क्षणी, कुठल्याही अवस्थेला चालतं. या गळतीचा दोष मी विद्यार्थ्यापेक्षा शिकवण्याकडे जास्त देतो.

हे दोलकापुरतं आहे का, हे पाहायला तोच प्रयोग हायड्रोजनवर केला. (1s + 2s)/√2 या अवस्थेत सरासरी ऊर्जा −8.5 eV, म्हणजे घाईच्या रीतीने V = −17 eV. पण 1s आणि 2s यांच्यामधलं 1/r चं मिश्र पद शून्य नाही. संकलन केलं तर ते 4√2/27 येतं, 1/a₀ च्या एककात, साधारण 0.21. त्याचे 27.2 पट केले की 5.7 eV. तरंगफलांची नेहमीची चिन्हं धरली तर t = 0 ला V = −22.7 eV आणि T = 14.2 eV. ‘V ही T च्या दुप्पट’ ऐवजी 1.6 पट. अर्ध्या आवर्तनानंतर V = −11.3 आणि T = 2.8, म्हणजे चौपट. आवर्तनकाळ 10.2 eV च्या फरकावरून ठरतो, जवळपास 0.4 फेम्टोसेकंद. आणि 2s च्या जागी 2p ठेवला, तर मिश्र पद कोनीय संकलनातच शून्य होतं आणि घाईचं उत्तर पुन्हा प्रत्येक क्षणी बरोबर! दोलकात |1⟩ ने जे केलं, तेच इथे 2p करतो. दोन्हीकडे सममितीच मिश्र पद पुसून टाकते.

म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने |0⟩ + |1⟩ निवडलं तिथेच घोळ होता. ही अवस्था सगळे निवडतात, कारण ⟨x⟩ डोलताना दाखवायला ती उत्तम आहे. पण T आणि V विचारायला ती निरुपयोगी: प्रमेयाची अट समजलेला आणि न समजलेला, दोघांकडून एकच आकडा येतो. पाऊण पान गणित करणाऱ्याला आणि अट न पाहणाऱ्याला हा प्रश्न वेगळं करू शकत नाही.

मी ३ गुण दिले. ऊर्जेच्या सरासरीला १, ती समान वाटण्याला १, अंतिम किमतींना १. समान वाटणी का चालते, याचे २ कापले. शेऱ्यात लिहिलं: ‘अवस्था स्थिर नाही, ⟨xp + px⟩ बदलत नाही हे दाखवणं आवश्यक.’ तरी एक गोष्ट खटकते. 2p च्या उत्तरातही त्याने ‘अवस्था स्थिर आहे’ असं कुठे लिहिलं नव्हतं आणि तिथे आम्ही तिघांनीही पूर्ण गुण दिले. त्याला अट माहीत होती की नव्हती, हे दोन्ही उत्तरं शेजारी ठेवूनही सांगता येत नाही. कारण न लिहिल्याबद्दल एका ठिकाणी गुण कापायचे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याला तपासणीच्या नियमांत आधार आहे. मनात तो तितका पक्का बसत नाही.

पुढच्या पेपरसाठी सुचवलेल्या प्रश्नात |0⟩ + |2⟩ घातलं आहे. त्यासोबत पेपर काढणाऱ्याला एक टीप दिली: एखादा ठरावीक क्षण द्यायचा असेल तर t = 0 द्यावा, π/4ω देऊ नये. त्या क्षणी cos 2ωt शून्य असतो, दोन्ही वाटे 0.75 ħω होतात, आणि उत्तरपत्रिका पुन्हा तिसऱ्या परीक्षकाकडे जाईल.