दादाला लिहिलेलं माफीचं पत्र

बाबांच्या आजारपणात सगळा खर्च दादा बघत होता. बाबा गेल्यावर महिन्याभराने नातेवाईक जमले होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "बाबांच्या पैशांचा हिशोब दे. निम्मे तूच खाल्लेस." तो काही न बोलता उठून गेला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

या वर्षी आईचं कपाट आवरताना एक वही सापडली. औषधं, तपासण्या, रात्रपाळीची बाई, सगळं तारखेवार दादाच्या अक्षरात. शेवटच्या चार महिन्यांत जमेच्या बाजूला 'माझे' असं लिहून रकमा टाकलेल्या. बाबांचे पैसे संपले होते आणि तो पदरचे घालत होता. वही मिटून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

फोन करायची हिंमत नव्हती. शिवाय फोनवर तो गप्प राहिला असता, तर मी घाबरून भलतंच बोललो असतो. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं.

पहिला खर्डा तीन पानी झाला. बायकोने पेन्सिल घेऊन त्यातला प्रत्येक 'पण' अधोरेखित केला. सात निघाले. "मी बोललो, पण तेव्हा मी खचलो होतो." "चूक झाली, पण तूही काही सांगितलं नाहीस." 'पण'च्या आधी माफी होती आणि नंतर तक्रार. ते सात 'पण' आणि त्यांच्यामागचा मजकूर काढल्यावर जेमतेम पाऊण पान उरलं.

उरलेल्या मजकुरातही एक खोट होती, ती मला उशिरा दिसली. आपल्या भाषेत चूक अंगावर न घेता सांगायची फार सोय आहे. 'माझ्याकडून बोललं गेलं', 'गैरसमज झाला', 'काही चुकलं असेल तर माफ कर'. बोललं गेलं म्हणजे जणू बोलणारा कोणी नव्हताच. आणि 'असेल तर' म्हटलं की चूक झाली की नाही, हेही दादानेच ठरवायचं! अशी वाक्यं शोधून मी बदलली. 'मी बोललो. ते खोटं होतं. खात्री न करता बोललो.' लिहिताना हात अडखळत होता, म्हणजे वाक्य बरोबर आहे असं मी समजलो.

मग लक्षात आलं की आरोप मी चारचौघांत केला होता आणि माफी मात्र बंद पाकिटातून मागत होतो. त्या दिवशी हजर असलेल्यांना आधी मी स्वतः फोन केले. काकांना, मामांना, दोन्ही आत्यांना. "मी दादावर खोटा आळ घेतला होता, त्याने उलट स्वतःचे पैसे घातले होते," एवढंच सांगितलं. मामा म्हणाले, "आम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं." ते ऐकणं सगळ्यात जड गेलं. पत्रात मी फक्त इतकं लिहिलं की त्यांना कळवलं आहे.

शेवटचं वाक्य दोन दिवस सुचेना. क्षमेवरचं एखादं वचन घालावं असं मनात होतं. 'क्षमा वीरस्य भूषणम्' लिहिलं आणि खोडलं. मीच माफी मागायची आणि मीच त्याला वीर हो म्हणायचं, म्हणजे माफ केलं नाही तर तो कमी पडला असा अर्थ निघतो. 'झालं गेलं गंगेला मिळालं' तर त्याहून वाईट. ते म्हणायचा अधिकार ज्याला लागलं त्याचा, लावणाऱ्याचा नाही.

मग आई आठवली. लहानपणी भांडलो की ती आम्हाला एकाच चटईवर पाठीला पाठ लावून बसवायची आणि एक ओळ म्हणायला लावायची. पहिलं हसू येईल त्याची शिक्षा आधी संपायची. बहुतेक वेळा दादाच आधी हसायचा, मुद्दाम. ती ओळ त्याच्याकडून काही मागत नव्हती. पत्राचा शेवट असा झाला:

"दादा, या पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मी खोटं बोललो होतो हे तुला माझ्याच तोंडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. वही जपून ठेवली आहे, म्हणशील तेव्हा पाठवतो. चटईवर बसून आपण म्हणायचो ते आठवतं. दया, क्षमा, शांती, तेथे देवाची वसती."

खाली फक्त नाव घातलं. भेटीचं, घराच्या वाटणीचं, मुलांचं काहीही लिहिलं नाही. पत्र दोन वेळा हाताने उतरवून काढलं, कारण खाडाखोड नको होती, आणि टाकून आलो.

एकविसाव्या दिवशी दादाचं पत्र आलं. चारच ओळी. "पत्र मिळालं. काकांचा फोन आधीच आला होता. वही तुझ्याकडेच राहू दे. मागच्या पानावर बाबांचं अक्षर आहे, पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. वही काढली, उलटी केली आणि मागचं पान उघडलं. कापऱ्या हाताने दोन नावं लिहिली होती, त्याचं आणि माझं, एकाखाली एक.