सोन्याच्या भावाने झोप उडवली

"तुमच्या तोंडून कोट्या पटापट कशा निघतात? मला दोन अर्थांचा शब्द सापडतो, पण त्याचं पुढे काय करायचं तेच कळत नाही."

पटापट निघतात हा गैरसमज मी आजवर जपला, आता फोडतो. सोसायटीच्या गणेशोत्सवात माईक हातात घेतो तेव्हा माझ्या खिशात चिठ्ठी असते, आणि त्यातल्या बहुतेक कोट्या आदल्या रात्री जेवणानंतर कागदावर खाडाखोड करून तयार झालेल्या असतात. तेव्हा एकच शब्द घेतो आणि ती खाडाखोडच तुम्हाला दाखवतो. शब्द आहे 'भाव'.

हाच का, तर त्याचे अर्थ ऐकणाऱ्याच्या रोजच्या तोंडातले आहेत. शाळेत श्लेष शिकवताना 'मित्र' शब्द देतात, एक अर्थ दोस्त, दुसरा सूर्य. परीक्षेला ठीक आहे. पण "आज मित्र फार तापलाय" असं तुम्ही म्हणालात तर समोरचा विचारेल, काय भांडण झालं? सूर्य त्याच्या डोक्यात येणारच नाही. जो अर्थ तुम्हाला नंतर समजावून सांगावा लागेल, तो कोटीच्या कामाचा नाही. शब्दकोशात चार अर्थ सापडले म्हणून हुरळून जाऊ नका. भाजीवाल्यासमोर उभं राहून जे अर्थ सुचतात तेवढेच धरा.

तर भाव म्हणजे दर, आणि भाव म्हणजे मनातली भावना. माझा पहिला प्रयत्न असा होता: "देवळाबाहेर हाराचा भाव बघतात, देवळात देव भाव बघतो." ऐकायला बरं वाटतं, पण ही कोटी नाही. यात शब्द दोनदा आलाय आणि प्रत्येक वेळी एकेकच अर्थ घेऊन आलाय. व्याकरणात याला यमक म्हणतात. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ त्या एकाच जागी दाटीवाटीने बसतात. शिवाय हे वाक्य सोसायटीच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं झालं. खोडलं.

मग लक्षात आली ती गंमत मराठीतच होऊ शकते. 'भाऊ' या शब्दाला प्रत्यय लागला की तो 'भावाला', 'भावाने', 'भावामुळे' असा होतो. आणि 'भाव'चंही तेच होतं. म्हणजे प्रत्ययाआधी हे दोन शब्द वेगळे आहेत, पण प्रत्यय लागला की जुळे. नवीन माणूस शब्द शोधतो तो कोशात छापलेल्या रूपातच शोधतो, आणि असे जुळे त्याच्या हातून निसटतात. शब्द हातात आला की त्याला ने, ला, चा, मुळे लावून बघायची सवय मी केली आहे.

आता कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे दराच्या आजूबाजूला जे शब्द वावरतात ते लिहायचे: वाढतो, पडतो, उतरतो, कांदा, सोनं, बाजार, चालू, किती झाला. उजवीकडे भावाच्या गोतावळ्यातले: थोरला, धाकटा, राखी, वाटणी, रडणं, कोणाचा भाऊ, किती वर्षांचा. ही यादी करताना हुशारी दाखवायची नाही, जे पहिलं आठवेल तेच लिहायचं, कारण ऐकणाऱ्यालाही तेच पहिलं आठवणार असतं. मग दोन्हीकडे खपेल असा शब्द शोधत बसायचं. खरा वेळ इथे जातो.

कांदा डावीकडे होता, रडणं उजवीकडे. म्हणून लिहिलं, "कांद्याच्या भावाने रडवलं." वाटलं जमलं. पण माझी एक परीक्षा आहे. दुहेरी शब्द काढून त्या जागी आधी एका अर्थाचा सरळ शब्द घालायचा, मग दुसऱ्याचा. "कांद्याच्या दराने रडवलं", हे ठीक. "कांद्याच्या बंधूने रडवलं", याला काही अर्थ नाही, कांद्याला बंधू कुठून येणार? दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी राहिली तरच कोटी, नाहीतर ती एका पायावर लंगडते आणि ऐकणारा केवळ सभ्यपणाने हसतो.

त्याखाली सोनं होतं. सोनं, सोन्याचा. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराला सगळे सोन्या म्हणतात. इथे मात्र पेन खाली ठेवून मी एकटाच हसलो. सोनं आणि सोन्या हेही प्रत्ययापुढे जुळेच! "सोन्याच्या दराने" चालतं, "सोन्याच्या बंधूने" पण चालतं. एका शब्दाची कोटी करायला बसलो होतो, जोडीला दुसरा आयता मिळाला.

आता क्रियापद. "सोन्याचा भाव वाढला" म्हणून भागत नाही, कारण तिथे प्रत्यय नाही आणि भावंड असतं तर 'भाऊ' म्हणावं लागलं असतं. म्हणजे 'भावाने' हवं, आणि पुढे दर व पोरगा दोघांनाही करता येईल अशी करणी हवी. 'घाम फोडला' दराला शोभतं, तान्ह्या पोराला तितकंसं नाही. 'रडवलं' दोघांना चालतं, पण ते कांद्याच्या वेळी वापरून गुळगुळीत झालेलं. 'झोप उडवली' मात्र दोघेही करतात. लग्नघरात सोन्याचा दर झोप उडवतो, आणि वरच्या मजल्यावरचं बाळ तर रोजच उडवतं.

राहिला क्रम. ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ आपसूक येतो तो आधी येऊ द्यायचा आणि लपलेला अर्थ शेवटी सोडायचा. "सोन्याच्या भावाने" म्हटल्यावर कुणालाही सराफाचं दुकानच दिसणार. तो लगेच विचारणार, "किती झाला?" आणि हा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो. मग उत्तर काय द्यायचं? पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "अहो, सोनं नाही, वरच्या सोन्याचा धाकटा भाऊ, तो सहा महिन्यांचा झाला." वाचून पाहिलं तर मेलेलं. समजावलं की मेली. शेवटी चिठ्ठीवर एवढंच राहिलं:

"काल सोन्याच्या भावाने झोप उडवली."
"किती झाला?"
"सहा महिन्यांचा. दात येतायत."

'दात येतायत' हे शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम ठेवले. त्यांनी बाळ दिसतं, त्याचं रडणं कळतं आणि तरी काही समजावून सांगितल्यासारखं होत नाही. यात एक धोका आहे. समोरच्याने "किती झाला?" न विचारता "कुठे घेतलंत?" विचारलं तर सगळं फसतं. म्हणून माईकवर दोन्ही आवाज मीच काढतो. चहाच्या टपरीवर मात्र नशिबावर सोडावं लागतं.

भावाच्या बाबतीत मला एक सवलत मिळाली होती, दोन्ही शब्द पुल्लिंगी होते. सगळेच असे सरळ नसतात. तुमचा सापडलेला शब्द पुढे सरकत नसेल तर बहुतेक वेळा लिंग आडवं येत असतं. 'मान' घ्या. आदर या अर्थी तो मान, शरीरातली ती मान. "मान मिळाला" म्हणालात की गळा संपला, "मान अवघडली" म्हणालात की आदर संपला. 'माझा', 'माझी', 'मोठा', 'मोठी', कुठलंही विशेषण जोडलं की गुपित फुटतं. प्रत्यय लावूनही सुटका नाही, एकाचं 'मानाला' होतं, दुसरीचं 'मानेला'. हा शब्द मी दोन वर्षं सोडून दिला होता.

मग युक्ती सापडली ती काळाची. भूतकाळात 'मान दिला' की 'मान दिली' हे ठरवावंच लागतं, कारण क्रियापद मानेच्या तालावर चालतं. वर्तमानकाळात मात्र ते देणाऱ्याच्या तालावर चालतं, मान मधल्यामध्ये लिंग लपवून बसू शकते. तेव्हा: "दाढीच्या खुर्चीत बसला की मंत्रीसुद्धा समोरच्याला मान देतो." हेच "मंत्र्यानेसुद्धा मान दिला" असं करून पाहा, वस्तरा बोथट होतो.

आणखी एक, थोडक्यात. कागदावर जमलेली कोटी मोठ्याने म्हणून बघा. आपल्या च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत, लिहिताना ते दिसत नाहीत. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग लिहायला एकच, पण 'जेवण' मधल्या ज ने पाण्याचा जग सुरू होतो आणि 'जागा' मधल्या ज ने दुनिया. "उन्हाळ्यात पाण्याशिवाय जग नको" हे मोबाइलवर पाठवलं तर कुणीतरी हसेल, तोंडाने म्हणालात तर जीभ आधीच चुगली करेल. (उलटही होतं. काही कोट्या फक्त कानाच्या असतात, लिहिल्या की शब्द कुठे तोडायचा ते दिसतं आणि मजा जाते.)

भावाची ती यादी मी फेकली नव्हती. डावीकडचा 'चालू' तसाच शिल्लक होता. चालू भाव असतो, आणि चालू माणूसही असतो. गावाकडे आमच्या जमिनीची वाटणी झाली त्या दिवशी जेवणं उरकल्यावर एका पाहुण्यांनी विचारलं, "एवढी वर्षं एकत्र होतात, वाटणी झाली कशामुळे?"

"भावामुळे," मी म्हणालो.

"थोरल्या की धाकट्या?"

"चालू."

पंगत हसली. कारागिरी म्हणून आजही मला त्यात खोड दिसत नाही. दोन्ही अर्थ उभे राहतात, प्रश्न समोरच्याने स्वतःहून विचारला आणि उत्तर एका शब्दात संपलं. फक्त थोरले बंधू मागच्या दारी हात धूत होते, ते मला दिसले नव्हते. त्यानंतर दोन दिवाळ्या त्यांच्याकडून फराळ आला नाही, आणि फोन केला की वहिनी घेत. तिसऱ्या दिवाळीत पुतण्या एक डबा ठेवून गेला. झाकणाखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती:

"पाव किलो चकली, चालू भावाने."