3/12 चं 03-Dec झालं त्या दिवशी

सकाळी १० वाजून २० मिनिटांनी ड्रायव्हर दादांचा फोन आला. "ताई, मॅपवर ही सगळी पार्सलं एकाच टाचणीवर दिसतायत, आणि ती टाचणी रस्त्याच्या मधोमध आहे, इथं समोर एकही घर नाहीये." मी सवयीने म्हटलं अ‍ॅप बंद करून परत उघडा. ते म्हणाले दोनदा केलं. मग मी त्यांचा रूट स्क्रीनवर काढला आणि खरंच, २९ पार्सलं, २९ वेगळी माणसं, आणि लॅट-लाँग, म्हणजे अक्षांश-रेखांश, सगळ्यांचं शेवटच्या दशांशापर्यंत तेच.

या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

माझं काम असं की ऑर्डरमध्ये पत्त्याचा एकच मोठा रकाना येतो आणि लोक त्यात मनाला येईल ते लिहितात. घर नंबर, मजला, गल्ली, खुणेची जागा, "बेल वाजवू नका बाळ झोपलंय", पर्यायी फोन नंबर, सगळं एकाच ओळीत आणि कुठल्याही क्रमाने. ते सोडवून `house_no`, `floor`, `road`, `locality`, `landmark`, `postcode`, `instructions` असे कॉलम करायचे, मग पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू शोधणाऱ्या जिओकोडरकडून लॅट-लाँग घ्यायचं आणि रूट प्लॅनरला द्यायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की स्वल्पविरामावर तोडलं की झालं. पण "शाळेच्या मागे" हे जिओकोडरला पाठवलं तर तो इमानदारीत शाळाच शोधून देतो, म्हणून ते `landmark` मध्ये टाकून फक्त ड्रायव्हरला दाखवायचं, जिओकोडरला नाही. "१२" आणि "12" माणसाला एकच, पायथनच्या `\d` लाही दोन्ही चालतात, पण जुळवणी करताना ते दोन वेगळे पत्ते होतात, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन देवनागरी आकड्यांना हातही लावत नाही, ते आपणच बदलून घ्यावे लागतात. हे सगळं मी दीड वर्षात एकेक करून बसवलेलं आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

तर त्या २९ ओळी उघडल्या. `road` बरोबर, `locality` बरोबर, `postcode` बरोबर, `house_no` मात्र सगळ्यांचा रिकामा. हा रस्ता साधारण दोन किलोमीटरचा आहे, आणि तिथल्या घरांचे नंबर ब्लॉक आणि घर असे आहेत, म्हणजे 3/12 म्हणजे तिसऱ्या ब्लॉकातलं बारावं घर. लोक हा नंबर कधी चुकवत नाहीत, बाकी सगळं चुकवतील. म्हणजे गिऱ्हाइकाने लिहिलेला नंबर माझ्याकडे येऊन गायब झाला होता.

पहिला संशय माझ्या तोडणाऱ्या स्क्रिप्टवर. आदल्या संध्याकाळची तिची आउटपुट फाइल काढली, तर तिथे `house_no` मध्ये 3/12 व्यवस्थित होतं. मग रात्री डिस्पॅचकडून परत आलेली फाइल काढली आणि तिथे त्याच ओळीत लिहिलेलं होतं 03-Dec. त्याच्या खाली 4/5 च्या जागी 04-May. 3/45 च्या जागी Mar-45. मी दोन मिनिटं नुसती बघत बसले.

झालेलं असं. आमच्याकडे मधे एक पायरी आहे, डिस्पॅचची मैत्रीण माझी ती आउटपुट फाइल, म्हणजे साध्या मजकुराची सीएसव्ही, एक्सेलमध्ये उघडून फोन नंबर आणि हब तपासते, दोन-चार दुरुस्त करते आणि सेव्ह करते. एक्सेल सीएसव्ही उघडतानाच प्रत्येक खाना बघतं की ही तारीख असू शकते का. 3/12 असू शकते. 3/45 ही तीन महिना आणि पंचेचाळीस साल अशी असू शकते. 14/35 कशीच तारीख होत नाही, म्हणून ते तसंच राहतं. आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे स्क्रीनवर दिसतंय तेच फाइलमध्ये लिहिलं जातं, मूळचं 3/12 कायमचं गेलं. तिने त्या कॉलमला बोटही लावलं नव्हतं. फाइल उघडून सेव्ह केली, बस. नंतर ऑफिसात "फाइल नीट हाताळा" अशी मेल फिरली, ती मला अजिबात पटली नाही, कारण नीट हाताळूनच हे झालं होतं. दिवसाला हजारभर ओळी डोळ्याने तपासणाऱ्या माणसाला असलं हत्यार देणं हीच चूक आहे.

आणि वाईट म्हणजे नजरेने पकडणंही अवघड होतं. त्या फाइलमध्ये १,१४६ ओळी, त्यातले २०३ घर नंबर तिरक्या रेघेचे, आणि तारीख झालेले फक्त ७१. बाकीचे जसेच्या तसे. वरच्या पन्नास ओळी चाळल्या तर एकही बिघडलेली दिसत नव्हती.

पण मला खरं लागलं ते पुढचं. आधी आम्ही डिस्पॅचला पत्त्याचा मूळ मोठा रकानाच द्यायचो. "3/12, अमुक रस्ता, शाळेच्या मागे" असं सगळं एका खान्यात असेल तर एक्सेलला ती तारीख वाटूच शकत नाही, कारण तारीख व्हायला पूर्ण खाना तारखेसारखा दिसावा लागतो. म्हणजे तो गचाळ रकाना या बाबतीत सुरक्षित होता. मी घर नंबर साफ करून एकटा वेगळ्या खान्यात ठेवला, आणि त्या दिवशीपासून तो मोडण्याजोगा झाला. कॉलम वेगळे करणं हे माझ्या कामाचं सार, आणि दार तिथेच उघडलं.

दुसरी चूकही माझीच. परत आलेल्या फाइलवर माझी दुसरी स्क्रिप्ट चालते, ती घर नंबर आकडा, एखादंच अक्षर, रेघ अशा साच्यात बसतो का बघते आणि बसला नाही तर खाना रिकामा करते. मी तो नियम लिहिला तेव्हा डोक्यात "बंगला", "मागचं घर" असले शब्द होते. त्याने 03-Dec बरोबर ओळखलं की हा घर नंबर नाही, आणि गुपचूप पुसून टाकलं. चुकीचा डेटा आला होता, मी त्याचा पुरावाच नष्ट केला.

मग जिओकोडरकडे गेलं ते नुसतं रस्ता, वस्ती आणि पिनकोड. आम्ही वापरतो त्यात उत्तरासोबत `location_type` येतो, घराच्या छपरापर्यंत जुळलं तर `ROOFTOP`, रस्त्यासारख्या लांब गोष्टीचा मध्य दिला तर `GEOMETRIC_CENTER`. आमच्या २९ ही ओळींना `GEOMETRIC_CENTER` होतं. त्याने खरं ते सांगितलं होतं, मी फक्त लॅट-लाँग उचलून बाकी टाकून देत होते. अर्धवट जुळलं तर `partial_match` येतो त्यावर माझी तपासणी होती, पण तो इथे आलाच नाही, कारण मी रस्ता विचारला आणि त्याने पूर्ण रस्ता दिला, त्याच्या दृष्टीने काहीच अर्धवट नव्हतं.

आता प्लॅनर. आमच्या सेटिंगमध्ये एकाच लॅट-लाँगची पार्सलं एक थांबा धरतात, इमारतींसाठी ते बरोबरच आहे. थांब्याला गाडी लावायची ३ मिनिटं आणि दर पार्सलला १ मिनिट. म्हणजे २९ पार्सलांना त्याने धरली ३२ मिनिटं. प्रत्यक्षात २९ वेगळे थांबे, ११६ मिनिटं, मधलं अंतर वेगळंच. वरून त्याला वाटलं ही गाडी तर रिकामी आहे, म्हणून शेजारच्या भागातले आणखी १७ थांबे तिच्यावर टाकले. दादा दुपारपर्यंत गप्प राहिले असते तर संध्याकाळी तीसेक पार्सलं परत आली असती आणि शेरा पडला असता "ड्रायव्हर उशीर". आमच्याकडे तो शेरा फार सहज पडतो.

पकडायला लागल्या त्या दोन ओळी:

```python
g = df.groupby(['lat', 'lon'])['raw_address'].nunique()
print(g[g > 5])
```

म्हणजे एकाच बिंदूवर पाचपेक्षा जास्त वेगवेगळे मूळ पत्ते कुठे आहेत. आणखी दोन गाड्यांवर असेच गठ्ठे निघाले, एक १३ चा आणि एक ८ चा. मोठी इमारत असेल तरी हे दिसतं, पण तिथे `location_type` चांगला असतो, त्यावरून वेगळं करता येतं.

दुरुस्ती सोपी होती, निदान ६५ ओळींची. ऑर्डर सिस्टिममध्ये मूळ रकाना होता, पार्सल नंबरावर जोडला, घर नंबर परत काढले, जिओकोड केलं आणि १२ च्या आत तिन्ही गाड्यांना नवे रूट गेले. उरलेल्या ६ ऑर्डरी फोनवर घेतलेल्या, थेट त्या शीटमध्येच टाइप केलेल्या, त्यांचा मूळ पत्ता कुठेच नव्हता. त्या मी उलट फिरवल्या. 04-May म्हणजे 4/5, सरळ आहे असं वाटलं. पाच बरोबर निघाल्या. सहावीला दादा 4/5 ला गेले, तिथे त्या नावाचं कोणीच नाही, फोन बंद, पार्सल परत. दुसऱ्या दिवशी त्या काकूंचा फोन आला, त्यांचं घर 4-5, दोन प्लॉट जोडून बांधलेलं, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एक्सेलला 4/5 आणि 4-5 दोन्ही 04-May च. मला हे माहीत होतं, घाईत मी सोयीचं ते निवडलं, आणि "अंदाजाने भरलं" अशी खूणही ठेवली नाही. त्या म्हणाल्या, "मी तर पत्ता दोनदा सांगितला होता हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता डिस्पॅचला सीएसव्ही जात नाही. एक्सेलचीच फाइल जाते, सगळे कॉलम आधीच टेक्स्ट फॉरमॅट करून, आणि परत येताना मी फक्त फोन आणि हब हे दोनच कॉलम वाचते, पत्ता माझ्या स्वतःच्या प्रतीतून घेते. वाचताना `dtype=str` आधीही होतं, पण त्याचा इथे उपयोग नाही, फाइलमध्येच 03-Dec लिहिलेलं असेल तर ते नुसतं नीट वाचलं जातं. साच्यात न बसणारा घर नंबर आता पुसला जात नाही, ओळ अडते आणि माणूस बघतो. रोज अशा १०-१५ ओळी अडतात, डिस्पॅचला त्याचा वैताग येतो, येऊ दे.

उरलाय तो जुना डेटा. मागच्या आठवड्यात मी सेव्ह झालेल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी तपासली, त्यात ४१८ ओळींमध्ये घर नंबर रिकामा आहे आणि त्या दिवसांच्या डिस्पॅच फाइलमध्ये तिथे तारीख आहे. त्यातल्या बहुतेकांचा मूळ रकाना ९० दिवसांनंतर सिस्टिमने काढून टाकलाय. सर म्हणतात उलट फिरवून भरून टाक, दहातले नऊ बरोबर येतील. येतीलही. मी अजून भरलेले नाहीत. त्यांच्यापैकी कोणाची नवी ऑर्डर आली की ती अडते आणि मी स्वतः फोन करून विचारते, मधे तिरकी रेघ आहे की आडवी. आत्तापर्यंत ३७ झालेत, त्यात ५ आडव्या निघाल्या.