पत्र्याचा ट्रे, घनसमीकरण आणि दोनदा येणारं मूळ: माझा अनुभव

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काकांचं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. मी बी.एस्सी.ला गणित घेतलंय, त्यामुळे आकडेमोडीचं काही निघालं की चिठ्ठी माझ्याकडे येते. या वेळच्या चिठ्ठीवर एका गिऱ्हाइकाची मागणी होती. १२ इंच बाय १२ इंच चौरस पत्रा घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, कडा वर वळवायच्या आणि उघडा ट्रे करायचा. आत जागा १२८ घन इंच हवी होती. उंची कुठंच लिहिलेली नव्हती. काका म्हणाले, "कोपरा किती कापायचा तेवढं काढून दे बाळ, पत्रं कापायला घ्यायचं हाय."

कापलेल्या चौकोनाची बाजू x धरली तर ट्रेची उंची x होते आणि तळाची बाजू 12 − 2x. (पत्र्याची जाडी आणि वळवताना होणारा फरक मी इथं सोडून दिलाय.) म्हणजे x(12 − 2x)² = 128. कंस सोडवून दोन्ही बाजूंना ४ ने भागलं की उरतं ते असं:

f(x) = x³ − 12x² + 36x − 32 = 0

काकांकडे पुढच्या खेपेला वेडेवाकडे आकडे येणार हे मला माहीत होतं. तेव्हा कुठल्याही मापाला चालेल अशी रीत हवी होती, म्हणून न्यूटन-राफसन घेतली. x = 1 पासून सुरुवात करायची आणि दर वेळी x मधून f(x)/f′(x) वजा करायचं. इथं विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, f′(x) = 3x² − 24x + 36 आहे. कॅल्क्युलेटरवर उत्तरं अशी येत गेली: १.४६६७, १.७२२९, १.८५८४, १.९२८४.

ही रीत ज्यानं वापरलीय त्याला हे आकडे खटकतील. साधारणपणे उत्तराजवळ पोचल्यावर दर पायरीला बरोबर आलेले दशांश जवळपास दुप्पट होतात. इथं आकडे २ कडे चाललेत, पण २ पासूनचं अंतर बघा: ०.५३, ०.२८, ०.१४, ०.०७. दर वेळी फक्त निम्मं होतंय. मी f आणि f′ च्या किमती शेजारी शेजारी लिहून काढल्या. x = 1 ला f ची किंमत −७ होती आणि f′ ची १५. x = 1.9284 ला f सुमारे −०.०३१ वर आलं होतं, आणि f′ सुद्धा १५ वरून ०.८७ वर घसरलं होतं. कॉलेजात सरांना वही दाखवली. त्यांनी f′ च्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेही शून्याकडे निघालंय. मग दोघांचा मसावि काढून बघितलास का?"

मसावि म्हटलं की पाचवी-सहावीतले आकडे आठवतात, पण बहुपदींनाही तो तसाच लागू होतो. आणि f आणि f′ यांच्या मसाविचा पुनरावृत्त मुळाशी सरळ संबंध आहे. तो समजून घेण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

समजा a हे f चं दुहेरी मूळ आहे. म्हणजे f मध्ये (x − a) हा अवयव दोनदा आहे आणि f = (x − a)²·g असं लिहिता येतं. गुणाकाराच्या नियमानं विकलज घेतलं तर f′ = 2(x − a)·g + (x − a)²·g′. दोन्ही पदांत (x − a) आहे, म्हणून a ला f′ सुद्धा शून्य होतं. वर्ग असला की विकलज घेताना एक घात कमी होतो, पण एक मागे राहतोच. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. a ला f शून्य असेल तर f = (x − a)·q. विकलज घेतलं तर f′ = q + (x − a)·q′, आणि a ठेवल्यावर दुसरं पद जातं, उरतं f′(a) = q(a). तेव्हा f′(a) शून्य असेल तर q(a) ही शून्य, म्हणजे q मध्येच आणखी एक (x − a) दडलेला आहे. एवढ्यावरून पक्कं झालं की f आणि f′ यांचं सामाईक शून्य असेल तरच मूळ पुनरावृत्त असतं, आणि मूळ पुनरावृत्त असेल तर सामाईक शून्य असतंच.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती ही की मूळ आधी माहीत असायची गरजच नाही. मसावि नुसत्या भागाकारांनी निघतो. f′ मधून ३ बाहेर काढला की x² − 8x + 12 उरतं. त्यानं f ला भागायचं. पहिला भाग x घेतला की −4x² + 24x − 32 राहतं. पुढचा भाग −4 घेतला की बाकी येते −8x + 16, म्हणजेच −8(x − 2). आता या बाकीनं आधीच्या भाजकाला भागायचं. स्थिर गुणक मसाविला महत्त्वाचा नसतो, म्हणून −८ सोडून x − 2 घेतलं. x² − 8x + 12 ला x − 2 नं भागलं तर भाग x − 6 येतो आणि बाकी शून्य. म्हणजे मसावि x − 2. दोन भागाकारांत ठरलं की २ हे मूळ दोनदा आलंय. तिहेरी असतं तर मसाविमध्ये (x − 2)² मिळालं असतं. मग f ला (x − 2)² नं भागून उरलेला अवयव x − 8 काढला. x = 8 घेतलं तर तळाची बाजू उणे ४ येते, तेव्हा असा ट्रे होतच नाही. काकांना उत्तर दिलं: कोपरा २ इंच.

f′ चं दुसरं शून्य ६ आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये. तिथं f(6) = −32 येतं, म्हणून ते f चं मूळ नाही. नुसतं विकलज शून्य झालं म्हणून काहीच सिद्ध होत नाही, दोघंही एकाच जागी शून्य व्हावे लागतात. ट्रेच्या भाषेत ६ म्हणजे चारही कोपरे इतके कापले की तळच उरला नाही आणि घनफळ शून्य. २ ला मात्र घनफळ सगळ्यात जास्त आहे. १२ इंची पत्र्यातून १२८ घन इंचापेक्षा मोठा ट्रे या पद्धतीनं निघूच शकत नाही, आणि गिऱ्हाइकानं नेमका तोच कमाल आकडा मागितला होता. मूळ दुहेरी आलं ते यामुळे. स्थिर पद बदललं तरी f′ तेच राहतं, कारण विकलज घेताना स्थिर पद जातं. तेव्हा दुहेरी मूळ आलंच तर ते २ ला किंवा ६ लाच येणार. म्हणजे घनफळ १२८ असेल किंवा शून्य असेल तरच. मधल्या कुठल्याही मागणीला तिन्ही मुळं वेगळी.

खात्रीसाठी १२५ घन इंच धरून पुन्हा भागाकार केला. स्थिर पद −31.25 झालं आणि बाकी −8x + 16.75. तिचं शून्य 2.09375. ते x² − 8x + 12 मध्ये ठेवलं तर सुमारे −०.३७ येतं, शून्य नाही. मसावि नुसता स्थिरांक, म्हणून पुनरावृत्त मूळ नाही. खरोखरच तिथं कोपऱ्याची दोन वेगळी मापं निघतात, सुमारे १.६५६ इंच आणि २.३६५ इंच. एक उथळ ट्रे, एक खोल, आणि जागा दोन्हींत सारखी. १२५ वरून १२८ कडे सरकत गेलं की ही दोन उत्तरं एकमेकांकडे येतात आणि २ वर एक होतात. १२९ मागितलं तर दोन्ही नाहीशी होतात आणि ८ च्या पुढचं निरुपयोगी मूळ तेवढं राहतं.

मूळ दुहेरी आहे हे कळल्यावर न्यूटनचीही चाल सुधारते. पायरी दुप्पट करायची, म्हणजे f/f′ ऐवजी 2f/f′ वजा करायचं. १ पासून निघालं तर पहिल्याच पायरीला १.९३३३, दुसऱ्या पायरीला १.९९९६.

सरांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. हॉलंडच्या योहान हुडे यानं याच कामासाठी दिलेला नियम १६५९ साली छापला गेला, न्यूटन आणि लायब्निट्स यांचं कलनशास्त्र प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी. सहगुणकांना ओळीनं 3, 2, 1, 0 नं गुणायचं. आपल्या f चं होतं 3x³ − 24x² + 36x. दुहेरी मूळ यालाही शून्य करतं: 24 − 96 + 72 = 0. नीट पाहिलं तर ही बहुपदी म्हणजे x गुणिले f′.

ही रीत कुठं फसते तेही याच ट्रेनं दाखवलं. काकांनी तोच हिशेब सेंटिमीटरमध्ये मागितला. १२ इंच म्हणजे नेमके ३०.४८ सेंमी, आणि १२८ घन इंच म्हणजे सुमारे २०९७.५४ घन सेंमी. आता हा आकडा २०९८ असा पूर्ण केला तर मागणी कमाल घनफळाच्या वर जाते आणि कामाचं एकही मूळ उरत नाही. २०९७ केला तर ५.०८ च्या दोन्ही बाजूंना सुमारे एकेक मिलिमीटरवर दोन मुळं येतात. अर्धा घन सेंमी इकडेतिकडे, आणि एका उत्तराची दोन उत्तरं किंवा शून्य उत्तरं. मसाविची शेवटची बाकी तेव्हा शून्य येत नाही, अगदी लहान आकडा येतो. 'शून्य की नाही' हा प्रश्न सहगुणक अचूक असतील तरच विचारता येतो. म्हणून मी भागाकार पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत करते आणि दशांश सगळ्यात शेवटी. मोजलेल्या, पूर्ण केलेल्या आकड्यांवर बाकी फार लहान आली तर 'दोन मुळं फार जवळ आहेत' एवढंच म्हणते, 'मूळ दुहेरी आहे' असं म्हणत नाही.

काकांना सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. २ च्या आसपास घनफळ जवळपास 128 − 24d² असतं, d म्हणजे २ पासूनचं अंतर. आलेख तिथं सपाट आहे. त्यामुळंच घनफळातला एवढासा फरक मुळाला लांब ढकलतो, आणि त्याच कारणानं कापताना अर्धा मिलिमीटर चुकला तर घनफळ ०.०१ घन इंचापेक्षाही कमी बदलतं. "मग मार्किंगला लई वेळ घालवायला नको," म्हणाले आणि पत्रा शिअरिंगला लावला.